जाड थर

ऋजुताच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेली एक काचेची स्लाइड होती. स्लाइडच्या खरखरीत टोकाला पेन्सिलने आकडा लिहिलेला होता, ११४७. गेलं वर्षभर ती स्लाइड तिथेच होती. ती फेकून द्यावी असं ऋजुताला आठवड्यातून एकदा तरी वाटायचं, आणि दर वेळी ती फक्त खण ओढून खोकं जागेवर आहे ना एवढं बघायची.

स्लाइडवर रक्ताचे दोन थर होते. एका बाजूला जिभेच्या आकाराचा, काचेवर फुंकर मारल्यासारखा पातळ थर. दुसऱ्या बाजूला रुपयापेक्षा लहान, गोल, जाड थर. तो काळपट तपकिरी होता. खरं तर तो तसा राहायला नको होता.

मलेरियाची स्लाइड बनवताना पातळ थर मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का करतात, म्हणजे लाल पेशी आपल्या आकारात शाबूत राहतात आणि जंतू कुठल्या जातीचा आहे ते त्या पेशीतच बघता येतं. जाड थराला मात्र मिथेनॉल लागूही द्यायचं नसतं. रंगाच्या पाण्यात त्यातल्या लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन धुऊन जातं आणि उरतात फक्त पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि जंतू असलेच तर जंतू. पातळ थराच्या कितीतरी पट रक्त त्या एका टिकलीत तपासून होतं. ११४७ ही स्लाइड घाईत उलटी धरली गेली आणि अख्खी मिथेनॉलमध्ये गेली. जाड थर पक्का झाला, लाल पेशी फुटल्याच नाहीत. मायक्रोस्कोपखाली तो म्हणजे नुसता अंधार होता.

त्या दिवशी झटपट चाचणीचं कार्ड निगेटिव्ह होतं. पातळ थरात शंभर फील्ड, म्हणजे लेन्सखालची शंभर वर्तुळं, बघून काही सापडलं नव्हतं. नवी स्लाइड करायला पुन्हा रक्त घ्यावं लागलं असतं, आणि ती मुलगी खिडकीशी उभी होती. मैत्रेयी. एकोणीस वर्षांची, चंडीगडच्या सेक्टर ३४ मधल्या कोचिंग क्लासची, पाठीवर दप्तर. गणपतीला घरी, गडचिरोलीकडे धानोऱ्याला जाऊन परत आलेली. लॅबमधल्या नामदेवकाकांशी ऋजुताला मराठीत बोलताना ऐकून तिचा चेहरा फुलला होता.

"निगेटिव्ह ना, ताई? मग मी चार वाजताच्या टेस्टला बसते."

ऋजुताने रिपोर्टवर लिहिलं, 'मलेरियाचे परजीवी दिसले नाहीत.' मैत्रेयी टेस्टला बसली. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती वारली. मलेरियाचा सगळ्यात घातक जंतू, फॅल्सिपेरम, मेंदूपर्यंत पोचला होता.

डिसेंबरमध्ये तिच्या वडिलांचा लॅबमध्ये फोन आला होता. शाळामास्तर होते. आवाज अगदी सरळ, चढ-उतार नसलेला. "मॅडम, एकच विचारायचं होतं. त्या दिवशी तिच्या रक्तात काही नव्हतं ना? म्हणजे आमच्याकडनं ती धडधाकटच निघाली होती?"

"दिसलं नव्हतं काका," ऋजुता म्हणाली होती. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

तेव्हापासून ती जाड आणि पातळ थर दोन वेगवेगळ्या स्लाइडवर करायची. कोणी विचारलं तर, "असंही चालतं," म्हणायची. आणि तेव्हापासूनच तिला रिंगा दिसायला लागल्या. फॅल्सिपेरमची कोवळी रिंग म्हणजे निळ्या दोऱ्याचं बारीक वेटोळं आणि त्यावर एक लाल ठिपका, अंगठीवरच्या खड्यासारखा. ती तिला चहाच्या कपाने उमटलेल्या गोलात दिसायची, बसच्या काचेवरच्या थेंबांत दिसायची. आणि वाईट म्हणजे स्लाइडवरही दिसायची, जिथे त्या नव्हत्या तिथे. जुलैत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा तिने 'संशयित' असा रिपोर्ट दिला. दोन्ही वेळा लाल पेशीवर नेमकी प्लेटलेट बसलेली होती. दोन्ही वेळा वॉर्डच्या डॉक्टर, डॉ. गिल यांनी स्वतः लॅबमध्ये येऊन बघितलं आणि काहीही न बोलता निघून गेल्या.

ऑक्टोबरातल्या मंगळवारी दुपारी एक वाजता हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरून हेरंब नावाच्या पेशंटचं रक्त आलं. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ताप, प्लेटलेट ७२ हजार, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया कार्ड काल निगेटिव्ह. आज डिस्चार्ज तीन वाजता. कार्ड रिपीट.'

ऋजुताने कार्ड उघडलं, रक्ताचा इवलासा थेंब एका खाचेत, द्रावणाचे थेंब दुसऱ्या खाचेत, आणि टायमर लावला. वीस मिनिटांनी कार्डावर एकच रेषा होती, कंट्रोलची. म्हणजे कार्ड चालू होतं. फॅल्सिपेरमच्या जागी पांढरं, मलेरियाच्या दुसऱ्या जातीच्या, वायवॅक्सच्या जागीही पांढरं.

"झालं?" नामदेवकाका खुर्चीवरूनच म्हणाले. "मग दे पाठवून. वर ती सिस्टर सारखी फोन करतीय. कावलाय तिच्यावर पेशंट."

नामदेवकाका लष्कराच्या वैद्यकीय विभागातून लॅबचं काम करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कोरेगावचे. आसामात आणि नागालँडमध्ये त्यांनी जितक्या मलेरियाच्या स्लाइड बघितल्या तितक्या चंडीगडात सगळ्यांनी मिळून बघितल्या नसतील, असं ते स्वतःच सांगत. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि दिवाळीनंतरची ऑपरेशनची तारीख खिशात होती. ते बायोकेमिस्ट्रीची मशीन सांभाळायचे. मायक्रोस्कोप ऋजुताकडे होता.

तेवढ्यात खिडकीच्या जाळीपाशी कोणीतरी आलं. तिशीतली बाई, हातात डिस्चार्जची फाइल, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं.

"अय्या, मराठी! मी स्वानंदी, हेरंबची बायको. आम्ही इथे जवळच, खरडला राहतो," ती म्हणाली. आणि मग जाळीला बोटं लावून, "निगेटिव्ह ना, ताई?"

 तेच तीन शब्द, त्याच क्रमाने, त्याच खिडकीतून. क्षणभर ऋजुताला त्या बाईच्या खांद्यावर दप्तराचा पट्टा दिसला. तो पर्सचा होता.

"मिस्टर काय करतात?" ऋजुताने विचारलं. प्रश्न तिने ठरवून विचारला नव्हता. रिपोर्ट देण्याआधी थोडा वेळ हवा होता, इतकंच.

"डेराबस्सीला गोळ्या पॅक करायच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहेत. मशीन बसवायला सारखे बाहेर असतात. आत्ता नऊ दिवसांपूर्वीच आले इथिओपियाहून. ताप तिथेच सुरू झाला होता, येतो, जातो."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"सांगितलं की. त्या म्हणाल्या, अदिस अबाबा उंचावर आहे, तिथे मलेरिया नसतो. आणि कार्ड पण निगेटिव्ह आलं." स्वानंदी थांबली. "पण हे अदिसला दोनच दिवस होते हो. दोन महिने तिकडे पश्चिमेला, खाली, नदीकाठी होते. का? काही आहे का?"

"अजून एक तपासणी करते. पाऊण तास लागेल. तोवर खाली आणू नका त्यांना."

"त्यांनी बूटसुद्धा घातलेत," स्वानंदी म्हणाली आणि गेली.

ऋजुताने नव्या दोन काचा घेतल्या. एकीवर थेंब घेऊन दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने गोल फिरवत जाड थर पसरला, इतकाच जाड की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं कशीबशी वाचता यावीत. दुसरीवर पातळ थर ओढला, टोकाला पिसासारखा विरळ होत गेलेला. पातळ थराची काच मिथेनॉलमध्ये गेली. जाड थराची काच तिने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मिथेनॉलच्या वाफेपासूनही लांब नेऊन ठेवली.

नामदेवकाका बघत होते. "वर्षभर बघतोय मी. दोन दोन काचा वापरतीस. एकीवर दोन्ही करायची की तू आधी."

"असंही चालतं."

"चालतं की. पण तू भूत बघितल्यागत ती बाटली धरतीस."

जाड थर वाळल्यावर ऋजुताने दोन्ही काचांवर गिम्साचा रंग ओतला आणि उभी राहून बघत राहिली. जाड थरातून तांबूस रंग सुटून रंगात मिसळत गेला. तिला वाटलं तो सुटणार नाही. दर वेळी असंच वाटायचं. दहा मिनिटांनी तिने काच हलकेच धुतली. टिकली फिकट निळसर झाली होती. तिच्यातून पलीकडचं दिसत होतं.

तेलाचा थेंब टाकून तिने शंभरची लेन्स खाली आणली.

पहिल्या फील्डमध्ये पांढऱ्या पेशींची जांभळी केंद्रकं होती, प्लेटलेटचे गुलाबी चुरे होते. आणि त्यांच्यामध्ये एक लाल ठिपका, त्याला चिकटलेला स्वल्पविरामाएवढा निळा. दुसऱ्या फील्डमध्ये तसाच एक. तिसऱ्यात काही नाही. चौथ्यात दोन.

तिने डोळे मायक्रोस्कोपवरून उचलले. भिंतीवर एक रिंग तरंगत होती. डोळे मिटले तरी ती पापण्यांच्या आत तरंगतच राहिली. कानात कोणीतरी अगदी समजुतीच्या आवाजात म्हणालं, निगेटिव्ह ना, ताई?

"काका," ती म्हणाली, "जरा बघता का? मी काय बघितलं ते सांगत नाही."

नामदेवकाका आले, चष्मा कपाळावर चढवून वाकले, बराच वेळ स्क्रू फिरवत राहिले. मग सरळ झाले.

"धुकं दिसतंय, पोरी. पांढऱ्या पेशी दिसत्यात, त्या मोठ्या असत्यात म्हणून. बारकं काय बी दिसत न्हाई मला. तुलाच बघायचं हाय."

"माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही काका. जुलैत काय झालं, ऑगस्टमध्ये काय झालं तुम्हाला माहितीय."

"आणि त्याच्या आदी?"

तिने मान वर केली. नामदेवकाकांच्या दुधाळ बाहुल्या तिच्यावर नव्हत्या, खालच्या खणावर होत्या.

"मी हितनं जाताना लई येळा ऐकलंय. खण उघडतो, बंद होतो. काय हाय त्यात?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. तिने वाकून खोकं काढलं, टिश्यू सोडला आणि स्लाइड त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. एवढं त्यांना धुक्यातूनही दिसलं असावं, कारण तपकिरी टिकलीवर त्यांचा अंगठा थांबला.

"पक्का झालाय."

"मी बुडवला. अख्खी स्लाइड बुडवली. तिची. मैत्रेयीची." ती भराभर बोलली. "वाचता येत नव्हता, आणि मी लिहिलं दिसले नाहीत. रक्त परत घ्यायला हवं होतं. ती म्हणाली टेस्ट आहे, मी म्हटलं जाऊ दे. त्यात जंतू होते का हे आता कुणालाच कळणार नाही काका. सुरुवातीला मी शंभर वेळा लावून बघितलीय ती. आत सगळा अंधार आहे. आणि त्या अंधारातल्या रिंगा मला बाकी सगळीकडे दिसतात."

नामदेवकाकांनी स्लाइड परत टिश्यूत गुंडाळली. 

"हे तू आज रातच्याला बी बोलू शकतीस, आणि उद्या बी," ते म्हणाले. "पातळवाली लाव. जाडात हाय का न्हाई ते कळतं, कोण हाय ते पातळात. आणि ठिपका दिसला की बारका स्क्रू हलव. प्लेटलेट पेशीच्या डोक्यावर बसलेली असती. पेशी स्पष्ट झाली की ती धूसर होती, आणि भोवती पांढरी कड दिसती. जंतू पेशीच्या पोटात असतो. दोघं एकदमच स्पष्ट होत्यात. डोळ्याला विचारू नकोस. स्क्रूला विचार."

तिने पातळ थराची काच लावली. पिसासारख्या टोकाकडे, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे गेली. पहिली वीस फील्ड रिकामी. एकविसाव्यात एका पेशीवर लाल ठिपका. तिने बारका स्क्रू हलवला. पेशीची कड धारदार झाली आणि ठिपका विरघळला, भोवती पांढरी कड. प्लेटलेट. जुलैची चूक. ती तिला आता एकदम परकी वाटली.

अडतिसाव्या फील्डमध्ये पुन्हा ठिपका. स्क्रू. पेशीची कड आणि आतलं निळं वेटोळं एकाच क्षणी स्पष्ट झालं. रिंग पेशीच्या पोटात होती, आणि तिला एक नाही, दोन लाल ठिपके होते. ऋजुताने शेजारच्या पेशीशी आकार ताडून बघितला. सारखाच. वायवॅक्स असता तर पेशी फुगलेली असती, आत गुलाबी ठिपक्यांची बारीक नक्षी असती, जंतू वेडावाकडा पसरलेला असता. इथे पेशी होती तशीच होती. पंचाहत्तराव्या फील्डमध्ये एका पेशीत दोन रिंगा, त्यातली एक अगदी कडेला चिकटवल्यासारखी. मोठे, वाढलेले जंतू कुठेच नव्हते. ते असतातच कुठे रक्तवाहिन्यांच्या या वरच्या प्रवाहात? फॅल्सिपेरमचे वाढलेले जंतू आतल्या अवयवांत चिकटून बसतात. म्हणून तर स्लाइडवर थोडे दिसले तरी आत किती आहेत ते सांगता येत नाही.

कागदावर तिने 'फॅल्सिपेरम' लिहिलं. मग पेन थांबलं. डॉ. गिल येतील, बघतील, काही न बोलता जातील. तो माणूस बूट घालून बसलाय.

ती पुन्हा जाड थराकडे वळली. आता ती रिंगा शोधत नव्हती. फील्डमागून फील्ड, चिकाटीने, रांगेने. एकशे तेराव्या फील्डमध्ये तो होता. चंद्रकोरीसारखा वाकलेला, दोन्ही टोकांना निमुळता, मधोमध काळ्या रंगद्रव्याचा पुंजका. फॅल्सिपेरमचा गॅमेटोसाइट, डासात जायला तयार झालेलं त्याचं रूप. असा आकार दुसऱ्या कुठल्याच मलेरियाचा नसतो, प्लेटलेटचा तर नाहीच. तो मनाने काढलेला नव्हता. तिच्या भुताला फक्त रिंगा काढता येत होत्या.

"काका, आता बघा. मधोमध."

नामदेवकाका वाकले. दहा सेकंद गेले असतील.

"केळं," ते म्हणाले आणि हसले. "एवढं दिसतंय अजून मला. लाव फोन गिलबाईला."

डॉ. गिल आल्या तेव्हा तीनला दहा कमी होते. स्टेथोस्कोप खिशात कोंबत त्या दारातूनच म्हणाल्या, "ऋजुता जी, पिछली बार प्लेटलेट थे. उससे पिछली बार भी. और कार्ड दो बार निगेटिव्ह है."

"जी मॅम. आप पहले ये देखिए, बाद में मुझे डाँटिए."

डॉ. गिल बसल्या. चंद्रकोर बघितली. मग पातळ थर लावायला सांगितला, ऋजुताने खूण केलेल्या जागा स्वतः स्क्रू हलवून बघितल्या. 

"तो कार्ड ने क्यों नहीं पकड़ा?"

ऋजुताने सांगितलं. या कार्डाची फॅल्सिपेरमची रेषा एकच प्रथिन ओळखते. ज्या जंतूंमध्ये त्या प्रथिनाचं जनुकच गळलेलं असतं ते कार्डाला दिसत नाहीत, आणि पूर्व आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात असे जंतू आढळलेले आहेत. दुसरी रेषा फक्त वायवॅक्सची. "ये मेरा अंदाज़ है, मॅम, पीसीआर के बिना पक्का नहीं." मग तिने मोजणी सांगितली. दोनशे पांढऱ्या पेशींमागे वीस जंतू आलेत, म्हणजे मायक्रोलिटरला साधारण आठशे. एवढ्यावर चांगल्या कार्डाची रेषा उमटायला हवी होती. "और वो अदिस में नहीं थे. नदी के किनारे थे, दो महीने."

डॉ. गिल उठल्या. "डिस्चार्ज कॅन्सल," त्या फोनवर म्हणाल्या, "हेरंब, दो सौ छह नंबर. आर्टेसुनेट का इंजेक्शन निकालो, मैं आ रही हूँ." दारापाशी त्या थांबल्या. "अच्छा देखा, बेटा."

"मॅम, एक मिनट." ऋजुताच्या हातात टिश्यूची पुडी होती. "पिछले साल की एक रिपोर्ट करेक्ट करनी है. ११४७. मैंने लिखा था, नहीं दिखे. असल में थिक स्मिअर पढ़ा ही नहीं जा सकता था. मेरी ग़लती थी."

डॉ. गिलना आकडा आठवायला वेळ लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू मावळलं. "इसका मतलब समझती हो?"

"जी."

"कल सुबह मेरे केबिन में. लिखकर लाना." त्या गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं नेहमीपेक्षा सावकाश वाजली.

खिडकीशी स्वानंदी आली ती रडत आणि चिडत. "बूट काढायला लावलेत त्यांना. मलेरिया म्हणे! कालपासून सगळे नाही म्हणताहेत. आता तरी पक्कं ना, ताई?"

"पक्कं. आज कळलं ते बरं झालं. वर जा, सलाइन लावतील. ते झोपले तर हाका मारून उठवत राहा, नीट बोलतात का बघा, काही वेगळं वाटलं तर लगेच सिस्टरला सांगा."

स्वानंदी गेल्यावर ऋजुताने गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. ११४७ च्या ओळीत नावापुढे एक दहा आकडी नंबर होता आणि त्याशेजारी, मैत्रेयीच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात, 'वडील'. नामदेवकाकांनी मशीनकडे तोंड फिरवलं आणि उगाचच एक ट्रे पुसायला घेतला.

फोन चौथ्या रिंगला उचलला गेला. मागे वर्गाचा गलका होता, मग दार लोटल्याचा आवाज, मग शांतता.

"बोला."

"काका, मी ऋजुता. चंडीगडच्या लॅबमधून." तिने स्लाइड उजेडाकडे धरली. टिकली अजून तपकिरीच होती. तिच्यातून काहीच दिसत नव्हतं. "तुम्ही डिसेंबरमध्ये विचारलं होतं, मैत्रेयीच्या रक्तात काही होतं का. मी म्हटलं होतं दिसलं नाही. तसं नाही, काका. माझ्या हातून स्लाइड बिघडली होती. मला ती वाचताच आली नव्हती. काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

पलीकडून तोच सरळ, चढ-उतार नसलेला आवाज.

"थांबा," ते म्हणाले. "मी बसतो. मग परत सगळं सांगा. पहिल्यापासून."

ऋजुताने फोन कानाशी धरून ठेवला आणि पलीकडे खुर्ची ओढली जाण्याची वाट बघितली.